हिब्रूतला घोळ मिटलेला नाही

‘हिब्रूत स्वरच नाहीत, म्हणून बायबलचे अर्थ कुणीही हवे तसे लावले. आधुनिक इस्रायलने स्वरांची अक्षरं घालून हा घोळ कायमचा मिटवला.’

हे आमच्या आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली लगेच टाळ्यांची रांग लागली. म्हणून लिहावं लागतंय.

स्वर नाहीत हे साफ खोटं. वाव, योद, हे ही अक्षरं बायबलच्या काळापासून स्वर दाखवायलाही वापरली जातात. फक्त कुठे ती घालतात, कुठे गाळतात. घातली की ‘कतीव माले’, म्हणजे भरलेलं लेखन, आणि गाळली की ‘कतीव हसेर’, म्हणजे तुटकं. दावीद राजाचं नाव शमुवेलाच्या पुस्तकांत बहुतेक योदशिवाय येतं, तर इतिहासाच्या पुस्तकांत योदसकट.

‘हवे तसे’ हेही नाही. पण अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. उत्पत्ती ४७:३१ मध्ये मेम-तेत-हे अशी तीन अक्षरं आहेत. याकोब ‘मित्ता’च्या, म्हणजे पलंगाच्या, उशाकडे वाकला असं मसोरा, म्हणजे बायबलचा पाठ आणि उच्चार जपणारी यहुदी परंपरा, वाचते. ग्रीक भाषांतरकारांनी तीच अक्षरं ‘मटे’ अशी वाचली आणि पलंगाऐवजी काठी आली. इब्री लोकांस पत्रात (११:२१) काठीच आहे. वाचन दोनच, आणि दोन्ही व्याकरणात बसणारी. मनाला येईल ते नव्हे.

आता तो ‘कायमचा मिटवला’चा विनोद. बिंदू म्हणजे अक्षरांना जोडायची स्वरचिन्हं; त्यांच्याविना लिहिण्याचे नियम हिब्रू भाषा अकादमीचे. या नियमांनुसार पलंगात योद घालतात, काठीत नाही. छान, पलंग सुटला. पण काठीचा ‘मटे’ आज मुख्यालयालाही म्हणतात, आणि ‘खाली’ या अर्थाचा ‘मटा’ही त्याच तीन अक्षरांचा. शब्दाच्या सुरुवातीला लामेद हे अक्षर लावलं की लमटा, ‘खाली’, आणि लामटे, ‘मुख्यालयाकडे’, हुबेहूब एकसारखे दिसतात. ‘तो खाली गेला’ की ‘तो मुख्यालयात गेला’? नियम काटेकोर पाळूनही वाक्य तसंच राहतं. मागचापुढचा संदर्भ पाहावा लागतो, नाहीतर लिहिणाऱ्याने त्या एका शब्दाला बिंदू द्यावे लागतात.

याहून वाईट म्हणजे दोन्ही पद्धती एकाच कपाटात नांदतात. भरलेल्या लेखनात योद नसणं हा पुरावा असतो: हा पलंग नाही. तुटक्या लेखनात योद नसण्याला काहीच अर्थ नसतो. तोराची, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांची, गुंडाळी बिंदूंशिवाय, जुन्याच अक्षरांनी लिहिली जाते, तिच्यात योद घालायची मुभा नाही. वर्तमानपत्रावर वाढलेला वाचक तिथे योद दिसत नाही म्हणून सरळ काठी वाचेल. म्हणजे ज्या सुधारणेने घोळ मिटला म्हणतात, तीच जुन्या मजकुरात त्याला चुकीच्या बाजूला ढकलते.

आणि नियम तरी कुठे स्थिर आहेत? २०१७ मध्ये अकादमीने ते बदलले. ‘तोखनीत’, म्हणजे योजना, हा शब्द आधी वावशिवाय लिहीत, आता वावसकट. पण वावसकट तो ‘तोखानीत’सारखाच दिसतो, आणि त्याचा अर्थ ‘आशयाची’.