मॅटर्निटी लिव्ह संपतेय? साहेबांकडे फक्त 'थोडं ॲडजस्ट' मागा

कमी तास किंवा हळूहळू रुजू व्हायची परवानगी मागायची असेल तर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अजिबात घाई करू नका. दीड-दोन महिने आधी मेलबिल टाकणाऱ्या बायका फारच आगाऊ असतात. मी पहिल्या मुलीच्या वेळी अगदी योग्य वेळ निवडली होती, जॉइन झाल्याच्या दिवशी सकाळी पावणेदहा, बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात, साहेबांच्या एका हातात चहा आणि दुसऱ्या हातात फोन, फोनवर कस्टमर. मी म्हटलं, सर, जरा थोडे दिवस थोडं ॲडजस्ट होईल का, बाळ लहान आहे. ते फोनवर हात ठेवून म्हणाले, "हा हा बेन, थई जशे, चिंता नही करवानी." झालं! दोन वाक्यांत निगोशिएशन पूर्ण, संध्याकाळी दांडिया बाजारला घरी येऊन मी आईला फोनवर सांगितलं की साहेब देवमाणूस आहेत.

शब्द कसे वापरायचे तेही बघून ठेवा. 'थोडं', 'जरा', 'शक्यतो', 'काही दिवस', हे चार शब्द पाठ करा आणि तारीख, वार, तास यातलं काहीही तोंडातून काढू नका, कारण तारीख काढली की समोरच्याला ती लक्षात ठेवावी लागते आणि आपल्यामुळे कुणाला त्रास नको. 'थोडं ॲडजस्ट'चा माझ्या डोक्यातला अर्थ होता शुक्रवारी सुट्टी. साहेबांच्या डोक्यातला अर्थ होता सहाऐवजी साडेपाचला निघाली तर आपण काही बोलायचं नाही. दोघंही आपापल्या जागी खूश होतो, पहिला शुक्रवार येईपर्यंत.

शुक्रवारी मी गेले नाही तेव्हा एचआरच्या बेनचा फोन आला आणि इथे मी दुसरी हुशारी केली, जी तुम्हीही नक्की करा. समोरून कुणी काही म्हणायच्या आत मीच म्हटलं की पाहिजे तर तेवढा पगार कापा. त्यांनी 'पाहिजे तर' सोडून बाकीचं वाक्य लगेच लिहून घेतलं. आठवड्याचे पाच दिवस होते ते चार झाले, पन्नास हजाराचे चाळीस झाले. हिशोब कसा सरळ! काम किती कमी होणार हे मात्र विचारायचं नसतं, ते विचारणं म्हणजे कामचुकारपणा.

आता जरा आत शिरून सांगते. मी एस्टिमेशनला आहे, म्हणजे कंट्रोल पॅनेलची इन्क्वायरी आली की ड्रॉइंग बघून मालाची यादी काढायची, व्हेंडरकडून रेट मागवायचे, लेबर आणि मार्जिन लावून कोटेशन पाठवायचं. लिव्हच्या आधी महिन्याला साधारण वीस कोटेशनं निघायची. चार दिवसांच्या आठवड्यात सोळा निघायला हवीत, हे चौथीतल्या पोरालाही कळतं, पण इन्क्वायरीला कुठे माहीत असतं की आपण शुक्रवारी घरी आहोत? ती येतच राहते. पहिल्या महिन्यात मी एकोणीस पाठवली. शुक्रवारी 'बेन, बस एकच कॉल' व्हायचा आणि मग बाळ मांडीवर, लॅपटॉप पोळपाटाशेजारी, आणि कॉपरचा रेट बदललाय म्हणून पूर्ण शीट पुन्हा. पूर्वी एका कोटेशनमागे मला अडीच हजार पडायचे, आता साधारण एकवीसशे. आई झाल्यावर मी घाऊक भावात मिळायला लागले.

आणि हे किती दिवस चालणार हेही ठरवू नका बरं का, नाहीतर मजा जाईल. माझी मुलगी सव्वा वर्षाची झाली, पाळणाघरात रमली, मी पुन्हा पाच दिवस जायला लागले, आणि पगार चाळीसच. एचआरला विचारलं तर म्हणाल्या की तुमचं लेटर चाळीसचं आहे, वाढ ॲप्रेझलला बघू. ॲप्रेझलला आठ टक्के मिळाले. चाळीसवर आठ टक्के म्हणजे 43,200, आणि पन्नासवर झाले असते 54,000. हा जो जवळजवळ अकरा हजारांचा खड्डा आहे ना, तो पुढच्या प्रत्येक इन्क्रिमेंटमध्ये आपल्याबरोबर प्रवास करतो. बेसिक पंचवीसवरून वीसवर आलं की पीएफमध्ये कंपनीचे तीन हजार जायचे ते चोवीसशे होतात, आणि ग्रॅच्युइटी तर शेवटच्या पगारावर धरतात, तो खाली असतानाच नोकरी सोडली तर निरोपाचं गिफ्टही 20 टक्के डिस्काउंटमध्ये. इतक्या महिन्यांच्या शुक्रवारांसाठी एवढं दिलं मी, आणि त्यातला एक शुक्रवारही धड मिळाला नाही.

कायदा वगैरे वाचायच्या भानगडीत तर पडूच नका. वाचलात तर आधी निराशाच होईल, कारण 1961 चा मातृत्व लाभ कायदा, त्याची 2017 ची दुरुस्ती आणि आता ज्यात तो गेलाय ती 2020 ची सामाजिक सुरक्षा संहिता, यात पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा आहे, पण परत आल्यावर कमी तासांचा हक्क असा कुठेच नाही. घरून काम करू देता येईल, कामाचं स्वरूप तसं असेल तर, आणि दोघांनी मिळून ठरवलेल्या अटींवर, इतकंच लिहिलंय. म्हणजे जे काही मिळणार ते ठरवूनच मिळणार, आणि ठरवायचं जिन्यात, हे आपण वर बघितलंच. पुढे वाचलंत तर अजून डोक्याला ताप, कारण बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीव्यतिरिक्त दिवसातून दोन ब्रेक दूध पाजण्यासाठी द्यायचेच, असं स्पष्ट आहे, तिथे 'मिळून ठरवा' नाही. पन्नास किंवा जास्त माणसं असली तर पाळणाघराची सोय आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा. आमच्याकडे मस्टरवर शेहेचाळीस होते. शेहेचाळीसच कसे राहतात दर वर्षी, हा प्रश्न मी विचारला नाही, तुम्हीही विचारू नका.

ब्रेक न मागितल्याचा फायदा म्हणजे तुम्हाला स्टोअर रूम छान ओळखीची होते. चार तास झाले की अंग दुखायला लागतं, कुर्ता ओला होतो, मग जुन्या फायली आणि केबलच्या भेंडोळ्यांमध्ये उभं राहून पंप करायचं, कडी नाही म्हणून पाठ दाराला टेकवून. ते दूध पंचवीस डिग्रीच्या आसपास चार तास टिकतं म्हणतात, पण बडोद्याच्या मे महिन्यात स्टोअरमध्ये पंचवीस डिग्री कुठून आणणार? म्हणून पँट्रीच्या फ्रिजमध्ये, कुणाच्या तरी सेव-उसळच्या डब्याशेजारी. एकदा कुणीतरी ते चहात घालायला निघालं होतं, तेव्हापासून बाटलीवर नाव लिहायला लागले.

दुसऱ्या बाळाच्या वेळी माझी बुद्धी फिरली आणि मी नको तेच केलं. तुम्ही तसं करू नये म्हणून इथे पूर्ण देते. जॉइनिंग सोमवार, 3 जून 2024 ला होतं. मी एप्रिलच्या मध्यातच, सात आठवडे आधी, मेल टाकला. त्याआधी पोर्टलवर बघितलं तर माझ्या एकोणीस ईएल शिल्लक होत्या, आणि त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पगार कापून घ्यायची गरजच नव्हती, सुट्टी आपलीच आहे, फक्त ती आठवड्यावर पसरायची. सासूबाई म्हणाल्या, इतकं कशाला लिहायचं गं, तोंडी सांग, ते काय नाही म्हणणारेत? मी म्हटलं, आई, तेच तर, ते नाही म्हणतच नाहीत.

"सर, 3 ते 28 जून मी सोमवार, मंगळवार, गुरुवार येईन. बुधवार-शुक्रवारच्या आठ ईएल टाकल्या आहेत. 1 ते 26 जुलै फक्त बुधवारी सुट्टी, त्याच्या चार ईएल टाकल्या आहेत. सोमवार 29 जुलैपासून पूर्ण आठवडा. एकूण बारा रजा, पगार आणि पद आहे तसंच. कोटेशनं जूनमध्ये बारा, जुलैमध्ये सोळा, ऑगस्टपासून वीस. माझ्या सुट्टीच्या दिवशी आलेली इन्क्वायरी दुसऱ्या दिवशी सकाळी घेईन, फारच अर्जंट असेल तर ज्युनियर बघेल, त्याला ती कामं समजावायला मी 27 आणि 28 मे ला फोनवर तासभर देईन. रोज साडेअकरा आणि साडेतीनला वीस मिनिटं ब्रेक, मार्च 2025 पर्यंत, छोट्या मीटिंग रूमला आतून कडी लागते ती वापरेन. 27 जूनला दहा मिनिटं बसून बघू काय जमतंय, काय नाही. ठीक असेल तर याच मेलला ओके लिहा."

बघा, किती रुक्ष. बाळाचं कौतुक नाही, माफी नाही, 'थोडं' नाही. सात रजा बाळाच्या तापासाठी उरवल्या तेही मुद्दाम, कारण पाळणाघराच्या पहिल्या महिन्यात घरी काय काय येतं ते मोठीच्या वेळी बघितलं होतं. आणि मधला बुधवार सोडला म्हणजे जूनमध्ये सलग दोनच दिवस बाळाशिवाय राहायचं, हा हिशोब मेलमध्ये लिहिला नाही, तो माझा मला.

तीन दिवस उत्तर आलं नाही. चौथ्या दिवशी साहेबांचा फोन, "बेन, आटलुं बधुं लखवानी शी जरूर हती? आपण तो घरना माणस." मी म्हटलं, हो सर, म्हणूनच, तुम्हाला लक्षात ठेवायला नको. मग जूनमध्ये बारा जरा कमी वाटतात, चौदा करू या म्हणाले. मी म्हटलं, चौदा होतील सर, पण मग शुक्रवार अर्धा दिवस घरून धरू आणि आठाच्या सहा ईएल लावू. पलीकडे कॅल्क्युलेटरची बटणं दाबल्याचा आवाज आला. बारा असू दे, म्हणाले, आणि संध्याकाळी मेलवर दोन अक्षरं आली, 'ok'.

7 जूनला, पहिल्याच शुक्रवारी, अकरा वाजता फोन वाजला. स्क्रीनवर साहेब. मी उचलला, म्हटलं बोला सर. ते थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "अरे हा, आज तो शुक्रवार," आणि ठेवला.