राजे दाबून बसलेला माणूस

कोजागिरीचं दूध पिऊन बायका-पोरं वर गेली आणि आम्ही चौघं पार्किंगमध्ये सतरंजीवर रमीला बसलो. इंदिरानगरातली आमची सोसायटी तशी दहाला झोपते, पण त्या रात्री वॉचमननेही काही म्हटलं नाही. मी, सेक्रेटरी साहेब, तिसऱ्या मजल्यावरचा एक आयटीतला पोरगा, आणि माझ्या उजव्या हाताला सी विंगमध्ये मुलाकडे राहायला आलेले एक गृहस्थ, टोपी आणि मफलर, चेहरा काही नीट दिसेना.

दुसऱ्या डावात त्या गृहस्थांना जोकर आला असणार, कारण ते पुटपुटले, "बँकर लागला." मी पत्ते खाली ठेवले. जोकरला बँकर म्हणणारी माणसं जगात फक्त आमच्या पंचवटी एक्स्प्रेसच्या पासवाल्या ग्रुपमध्ये होती हो. संध्याकाळी परत येताना कसाऱ्याला घाट चढवायला मागून बँकर इंजिन लागतं, तसा अडलेला हात ढकलणारा म्हणून जोकर म्हणजे बँकर. मी म्हटलं, "विलास?" तो पानांवरची नजर न काढता म्हणाला, "मला गेटवरच कळलं होतं, तू बोलतोस कधी ते बघत होतो. खेळ आता." हलकट आहे. पुण्याला बदली झाली तेव्हा मोबाईल नव्हते, नंतर पत्ता हरवला, आणि इतक्या वर्षांनी भेटून हा मला खेळ म्हणतो!

तर तो पुढचा डाव सांगायलाच ही पोस्ट लिहितोय. कट जोकर चौकटची सत्ती, म्हणजे सगळ्या सत्त्या जोकर. माझ्याकडे बदामाची तिर्री-चौकी-पंजी-छक्की प्युअर, किलवरची दुर्री-तिर्री-चौकी, इस्पिकची नव्वी-दश्शी आणि त्यांना जोडून किलवरची सत्ती. दहा पानं लागलेली. उरले चौकटचा राजा, किलवरचा राजा आणि एक फालतू गुलाम. बदामाचा किंवा इस्पिकचा राजा आला, नाहीतर एखादा जोकर आला, की गुलाम टाकून शो. विलास माझ्या आधी खेळणारा, म्हणजे तो टाकणार ते पान मला उचलता येणार. आणि मोठी पानं तर सगळेच आधी टाकतात, कारण डाव दुसऱ्याने लावला तर प्रत्येक चित्राचे दहा पॉइंट बोडक्यावर.

पण हा राजा काही टाकेना. अठ्ठी टाकली, पुढच्या चालीला दुसरी अठ्ठी, मग पंजी. डेकमधून मलाही काही येईना, आणि तेवढ्यात पोराने शो केला. माझे तीस पॉइंट गेले. विलासने पानं उघडली तर बदामाचा राजा, इस्पिकचा राजा आणि एक चौकी, चोवीस पॉइंट. जोडीच्या अठ्ठ्या मोडल्या आणि राजे दाबून बसला!

पोरगा म्हणाला, "काका, राजे आधी टाकायचे असतात, बेसिक आहे." तो ॲपवर शिकलाय, २०२५ च्या कायद्याने पैशांची ऑनलाइन रमी बंद व्हायच्या आधी. हिशोब त्याचा पक्का, पहिल्या चालीआधी पॅक केलं तर वीस, मधे केलं तर चाळीस, फुल काउंट ऐंशी, सगळं तोंडपाठ. विलास त्याला म्हणाला, "याने पानं लावताना दोन पानं उजव्या टोकाला ठेवली आणि परत तिथे हात नेला नाही. गाडीतही राजे तिथेच ठेवायचा. टाकले असते तर तेव्हाच शो झाला असता, आणि माझी तेव्हा प्युअरपण नव्हती, सगळ्या पानांचे पॉइंट गेले असते."

सुप्रीम कोर्टाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं ते याच अंगाने, की पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात आणि काय धरायचं काय सोडायचं हे कळावं लागतं. माझं म्हणणं, पडलेली पानं मन लावलं तर कोणीही लक्षात ठेवेल, पण शेजारचा माणूस हातात कुठलं पान कुठे ठेवतो हे ॲप तुम्हाला दाखवतच नाही. तिथे पानं आपोआप लागतात आणि समोर नुसता गोल फोटो. म्हणून मला ते पैसे नसले तरी बेचव वाटतं. (पोराला पटलं नाही. तो म्हणतो ॲपवर निदान कोणी टोमणे मारत नाही.) आणि एक उघड सांगतो, पान हातात आल्यावर अधूनमधून जागा बदलत जा, सगळे एक्के-राजे एका टोकाला साठवले की ओळखणारा ओळखतो.

हरणाऱ्याने रविवारी मिसळ द्यायची असं ठरलं होतं, सेक्रेटरी साहेबांचा स्कोअर बघता ती तेच देणार हे उघड होतं, तरी डाव चालूच. पुढच्या वाटणीला मी हट्टाने विलासशी जागा बदलून घेतली, आता त्याचं पान पोराला जाणार. पानं पिसली, वाटली, आणि त्या माणसाने पहिल्याच चालीला इस्पिकचा राजा टाकला.