रोज सातचा अलार्म आणि मावशीचं झीझी

"घरातली झाडं जगवायचा सोप्पा नियम. मोबाईलवर रोज सकाळी ७ चा एकच अलार्म लावा. प्रत्येक कुंडीला एक पेला पाणी. एक दिवस राहिलं तर दुसऱ्या दिवशी दोन पेले. पान पिवळं पडलं की समजा झाड तहानलंय, पाणी वाढवा. वेळ नसेल तर बर्फाचे दोन खडे ठेवा, अमेरिकेतल्या विद्यापीठाने सिद्ध केलंय. एकही झाड मरणार नाही. सर्वांना पाठवा."

हा मजकूर माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला आणि तिन्ही वेळा मी काही न बोलता पुढे गेले. आता त्याची चुटपुट लागली आहे, कारण तोच मजकूर माझ्या मावशीकडेही पोचला. मावशी कोथरूडला एकटी राहते. गुडघ्यांमुळे तिचं बाहेर जाणं कमी झालंय, त्यामुळे बाल्कनी आणि हॉल मिळून असलेल्या चौदा कुंड्यांत तिचा जीव गुंतलेला असतो. जूनच्या शेवटी तिने अलार्म लावला. जुलै सरता सरता तिचा फोन आला, "अगं, एक दिवस चुकले नाही मी, तरी झीझी पिवळं पडतंय. पाणी कमी पडतंय का गं?"

त्याच आठवड्यात मी गेले. झीझीची एक फांदी हलकेच धरली तर ती बुडापासून सुटून हातात आली. टोक पिचलेल्या केळ्यासारखं मऊ झालं होतं आणि त्याला गटाराचा वास येत होता. कुंडी प्लॅस्टिकची होती आणि ती एका शोभेच्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवलेली होती. बाहेरच्या कुंडीला भोक नाही. आतली उचलली तर खाली चार बोटं काळं पाणी साचलेलं.

आता रोज एक पेला म्हणजे किती, ते मोजून बघू. पेला २०० मिलीचा धरला तर महिन्याला ६ लिटर होतं. आठ इंची कुंडीत माती मावते जेमतेम ४ लिटर. झीझी मूळचं पूर्व आफ्रिकेतलं, तिथल्या लांबलचक कोरड्या मोसमात तगून राहणारं. मातीखाली त्याचे बटाट्यासारखे कंद असतात आणि पाण्याचा साठा त्या कंदांत असतो. पुण्याच्या पावसाळ्यात, घरात, खिडकीपासून लांब ठेवलेल्या झीझीला तीन-चार आठवड्यांतून एकदा अर्धा-पाऊण लिटर पुष्कळ झालं. मावशीने इमानेइतबारे त्याच्या आठपट-दहापट पाणी घातलं होतं. तिची चूक काहीच नव्हती. तिला जे सांगितलं गेलं ते तिने मन लावून केलं, आणि म्हणूनच मला या मजकुराचा राग येतो. आळशी माणसाचं झीझी यातून वाचलं असतं.

याच नियमाने मावशीच्या बाल्कनीतली जास्वंद मे महिन्यात दुसऱ्या टोकाने मेली असती. बारा इंची मातीची कुंडी, पश्चिमेचं ऊन, वर तापलेला कठडा. मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडून जातं. तिथे एका पेल्याने फक्त वरचा इंचभर थर भिजतो आणि खालची मुळं कोरडी राहतात. रोज पाणी घालूनही झाड तहानलेलं राहतं, आणि वरून पाहणाऱ्याला माती ओली दिसत असल्याने ते कळतही नाही. पाणी घालायचं तर तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं आणि मग त्या झाडाला हवी तेवढी माती वाळेपर्यंत थांबायचं. किती दिवस थांबायचं हे झाड, कुंडी, जागा आणि ऋतू मिळून ठरवतात. चौदा कुंड्यांसाठी एकच अंतर असूच शकत नाही.

पण या मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य पिवळ्या पानाचं आहे. बाकी चुका झाडाला आजारी पाडतात. हे वाक्य आजारी झाडाला वाचण्याची संधीच देत नाही.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या फटींत ती हवा असते. माती सतत चिंब राहिली की फटी पाण्याने भरतात, मुळं गुदमरतात, मग बुरशी धरते आणि मुळं सडतात. सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे कुंडीत पाणी भरपूर असताना पानांपर्यंत ते पोचत नाही, पानं माना टाकतात, पिवळी पडतात. बघणाऱ्याला वाटतं झाड तहानलंय. तो आणखी पाणी घालतो आणि उरलीसुरली मुळंही जातात. मावशीनेही शेवटचे आठ दिवस झीझीला दोन-दोन पेले घातले होते.

ओळखायचं कसं, तर आधी पानाकडे नाही, मातीकडे बघायचं. पाणी जास्त झालं असेल तर बहुधा खालची पानं आधी पिवळी आणि लिबलिबीत होतात, कुंडी उचलायला जड लागते, माती हलवली की बारीक काळी चिलटं उडतात आणि वास येतो. पाणी कमी असेल तर कुंडी हलकी लागते, माती कडेपासून सुटून फट दिसते, पानांच्या कडा कुरकुरीत होतात. पीस लिली दोन्ही वेळा सारखीच मान टाकते, तिथे मातीच खरं सांगते. कोरडी असेल तर पाणी दिल्यावर काही तासांत उभी राहते. माती ओली असून पानं पडलेली असतील तर एक थेंबही घालू नका, कुंडीतून काढून मुळं बघा. पांढरी किंवा फिकट आणि टणक मुळं चांगली. तपकिरी आणि चिमटीत धरल्यावर साल सुटून येणारी मुळं गेलेली.

राहिलेल्या दिवसाचे दोन पेले, यावर फार बोलायला नको. काल माती ओली होती म्हणून पाणी राहिलं असेल तर आज दुप्पट घालायचं कारणच काय?

बर्फाचं मात्र सांगायला हवं, कारण विद्यापीठाचं नाव आलं की माणसं विश्वास ठेवतात. असा अभ्यास झालेला आहे, हे मान्य करते. ओहायो स्टेट आणि जॉर्जिया या दोन विद्यापीठांतल्या संशोधकांनी तो केला आणि २०१७ साली हॉर्टसायन्स या नियतकालिकात छापून आला. पण तो होता एका प्रकारच्या ऑर्किडवर, फॅलेनॉप्सिसवर. हे ऑर्किड मातीत नव्हतं, झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेलं होतं. काही झाडांना आठवड्याला बर्फाचे तीन खडे आणि काहींना तेवढंच साधं पाणी दिलं. निष्कर्ष इतकाच निघाला की बर्फाने ऑर्किडचं नुकसान होत नाही, फुलं दोन्हीकडे सारखीच टिकतात. बर्फ पाण्याहून चांगला असं त्यात कुठेही नाही, मातीतल्या झाडांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि ज्या अभ्यासाच्या नावावर हा मजकूर फिरतोय, त्यातही एका झाडाला, एका माध्यमात, आठवड्यातून एकदा असं मोजून दिलेलं पाणी आहे. सगळ्या कुंड्यांना रोज, हे त्यात कोणी म्हटलेलं नाही.

अलार्म लावण्याची कल्पना मात्र चुकीची नाही, हे नाइलाजाने कबूल करते. मावशीसारख्या माणसाला आठवण लागतेच, मलाही लागते. सकाळची वेळही ठीक आहे. फक्त त्या आठवणीने "पाणी घाल" असं म्हणायचं नाही, "बघ" असं म्हणायचं. म्हणून मावशीच्या फोनवरचा सातचा अलार्म आम्ही काढला आणि दुपारभर बसून नवी मांडणी केली.

आधी तपासायची रीत ठरवली. कबाबला वापरतात ती बांबूची काडी कुंडीच्या अर्ध्याहून खाली जाईल अशी खुपसायची, दोन मिनिटं ठेवायची, काढून बघायची. ओलसर माती चिकटली किंवा काडी गडद झाली तर पाणी नाही. बोट घातलं तरी चालतं, पण नर्सरीतून आलेली झाडं बऱ्याचदा कोकोपीटमध्ये असतात. ते वरून कोरडं दिसतं आणि खाली ओलं असतं, तिथे बोट पोचत नाही.

मग अंतर. ते इंटरनेटवरून घ्यायचं नाही, आपल्याच कुंडीवरून काढायचं. एकदा तळातून निघेपर्यंत पाणी दिलं, तारीख लिहिली, दिवसाआड काडी घातली. पीस लिलीला वरचा दीड-दोन इंच थर वाळला की पाणी, मनी प्लांटला अर्धी कुंडी वाळली की, झीझी आणि स्नेक प्लांटला तळापर्यंत पूर्ण कोरडं झाल्यावर. असे दोन फेरे मोजले की त्या कुंडीचं अंतर हातात येतं. आठवण त्याच्या एक दिवस आधी लावायची. माझ्या खिडकीतल्या पीस लिलीचं अंतर मे महिन्यात तीन दिवस असतं, जुलैत तेच आठ-नऊ दिवसांवर जातं. म्हणून पाऊस लागला की, ऑक्टोबरात ऊन तापलं की आणि मार्चमध्ये उन्हाळा सुरू होताना नव्याने मोजायचं.

इथे एक अडचण येते. साध्या कॅलेंडरमधली पुनरावृत्ती तारखेला बांधलेली असते. दर आठ दिवसांनी लावलं आणि माती ओली म्हणून तुम्ही तीन दिवस उशिरा पाणी घातलं, तरी पुढची आठवण जुन्याच तारखेला येते, म्हणजे पाणी घातल्यावर पाचव्याच दिवशी. काडी न घालणारा माणूस तिथे जास्त पाणी घालतो. मोजणी शेवटच्या पाण्यापासून व्हायला हवी. `Todoist` या कामांची यादी ठेवणाऱ्या ॲपमध्ये त्यासाठी उद्गारचिन्ह द्यावं लागतं:

```
every! 8 days
```

त्या चिन्हामुळे काम पूर्ण केल्याच्या दिवसापासून पुढचे आठ दिवस मोजले जातात. माती ओली निघाली तर पूर्ण करायचं नाही, फक्त तारीख पुढे ढकलायची. मावशीला हे ॲप नको होतं. तिच्यासाठी कुंडीच्या कडेला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, त्यावर खडूने शेवटच्या पाण्याची तारीख, आणि फोनवर दर रविवारी आणि बुधवारी फक्त "काडी" एवढी आठवण. ती ज्या कुंडीची काडी कोरडी निघेल तिलाच पाणी घालते.

झीझीचे सगळे सडलेले भाग कापले. पाचांपैकी दोन कंद टणक निघाले. ते दोन दिवस पंख्याखाली सुकवले आणि भोक असलेल्या सहा इंची मातीच्या कुंडीत, निम्मी जाड वाळू घातलेल्या मातीत लावले. मी बजावलं, "पहिले दहा दिवस पाणी नाही." मावशीने विचारलं, "आणि पान मलूल दिसलं तर?" मी तिच्या हातात काडी दिली. दोन महिने होत आले, कंद अजून घट्ट आहेत, कोंब आलेला नाही. झीझीला त्याला कधीकधी सहा महिनेही लागतात. चिमट्यावरची शेवटची तारीख २ सप्टेंबर आहे.