अण्णांची शुगर आणि वहीतला घोळ

आमच्या अण्णांनी पस्तीस वर्षं हिशेबखात्यात काढलीत, त्यामुळे वहीत तूट दिसली की त्यांना झोप लागत नाही. ही सवय नोकरीत ठीक होती. पण गेल्या वर्षी डॉक्टरांनी ग्लुकोमीटर घ्यायला सांगितला आणि रीडिंग वहीत लिहून आणा म्हणाले, तेव्हापासून अण्णांनी स्वतःच्या रक्ताचाही ताळेबंद जुळवायला घेतला. वही एकदम सुंदर, लाल रेघा मारलेली. ११२, ११८, १०९, ११४. डॉक्टरांनी पानं उलटली, मग लॅबचा रिपोर्ट बघितला, त्यात एचबीएवनसी ८.९. म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दोनशेच्या वर. डॉक्टर म्हणाले, "काका, तुमची वही आणि तुमचं रक्त एकाच माणसाचं आहे ना?"

घरी येऊन चौकशी बसवली तर भानगड अशी निघाली की अण्णा फक्त सकाळी उपाशीपोटी बघायचे, आणि तेही आदल्या रात्री खिचडी खाऊन लवकर झोपले असतील तरच. लग्नाला जाऊन आलं की दुसऱ्या दिवशी मशीन कपाटात. शिवाय तीनदा बोट टोचून त्यातला सगळ्यात कमी आकडा लिहायचे, कारण "मशीन कधीकधी चुकतं". आता घरगुती मशीनमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होणं धरलेलंच असतं. खरी साखर १५० असेल तर १३५ पण येईल आणि १६५ पण येईल, दोन्ही बरोबरच. त्यातला आपल्या सोयीचा उचलायचा नसतो, पहिला आला तो लिहायचा, शंका असली तर शेजारी दुसराही लिहायचा. हे अण्णांना पटायला पाव किलो स्ट्रिपा लागल्या असतील. एक स्ट्रिप वीसेक रुपयांना पडते हो.

तर डॉक्टरांनी नवा कायदा काढला आणि अंमलबजावणी अर्थातच माझ्याकडे आली.

पहिली भांडणं झाली हात धुण्यावरून. मे महिना, अण्णा सगळ्यांसाठी हापूस कापत बसलेले, म्हटलं जेवणाआधीचं रीडिंग घेऊया. अण्णांनी सदऱ्याला बोट पुसलं, टोचलं, आकडा ३३८. आईने रडायला सुरुवात केली, बहिणीला फोन गेला, शेजारच्या काकू "मेथीदाणे भिजवा" सांगायला येऊन पण गेल्या. मी अण्णांना साबणाने हात धुवायला लावले, टॉवेलने कोरडे करून दुसऱ्या बोटातून घेतलं, १४६. बोटावर आमरस होता हो सगळा. एवढासा थेंब मशीन मोजतं, त्यात कणभर जरी फळाची साखर मिसळली तर ती पण मोजली जाते, आणि सॅनिटायझर चोळून ती नीट जात नाही, साबण-पाणीच लागतं. धुतल्यावर कोरडं पण करायचं, नाहीतर पाण्याने थेंब पातळ होऊन आकडा खोटा कमी येतो (अण्णांना ही माहिती द्यायला नको होती असं नंतर वाटलं).

टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. मधे जास्त दुखतं आणि दिवसभर दाराची कडी लावताना आठवण येते. हात जरा खाली सोडून हलवला की थेंब आपोआप येतो. अण्णा बोट लिंबासारखं पिळायचे, त्याने रक्ताबरोबर आजूबाजूचं पाणी पण येतं आणि आकडा बिघडतो. सुई दर वेळी नवी, आणि एकाची दुसऱ्याला अजिबात नाही. हे सांगावं लागलं कारण अण्णांनी गच्चीवर सोसायटीच्या मित्रांसाठी कॅम्प काढायचा बेत केला होता. आणि स्ट्रिपांची डबी लगेच घट्ट बंद! आमच्याकडे ती गॅसशेजारी उघडी पडलेली असायची, दमट हवा लागली की स्ट्रिपा वाया.

पण खरी मजा वेळेची. डॉक्टरांनी सांगितलं, नुसतं उपाशीपोटी बघून काही कळत नाही, जोडीने बघा. म्हणजे एकाच जेवणाच्या आधी एकदा आणि नंतर दोन तासांनी एकदा. हे दोन तास पहिल्या घासापासून धरायचे. अण्णांचं जेवण म्हणजे बातम्या, ताक, परत थोडा भात, मग आईशी वाद, असं तासभर चालतं, आणि ते दोन तास आचवल्यावर धरायचे. म्हणजे तीन तास झाले, तोवर साखर उतरून गेलेली असते. आता मी पहिला घास तोंडात गेला की मोबाईलवर अलार्म लावतो. अण्णा म्हणतात, जेवायला बसलोय का परीक्षेला.

पहिली जोडी नाश्त्याची घेतली. आधी १२८, पोहे बशीभर आणि वर परत थोडे, साखरेचा चहा, दोन तासांनी २४१. अण्णा गप्प. जेवणानंतर साधारण १८०च्या आत हवं असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलेलं (प्रत्येकाचं वेगळं असतं, शेजाऱ्याचं टार्गेट वापरू नये). दुसऱ्या दिवशी पोहे अर्धे, सोबत वाटीभर मटकीची उसळ, चहा बिनसाखरेचा, आणि नंतर सोसायटीला चकरा. आधी १२४, नंतर १७६. हे बघून अण्णा खूश झाले, पण पोह्यांवर त्यांचा राग कायमचा बसला. मी म्हटलं अहो, पोहे बंद नाही करायचे, तेच तर वहीतून दिसतंय.

मग वहीत नवे रकाने आले: वेळ, आकडा, काय खाल्लं, गोळी कधी घेतली, आणि शेरा. शेऱ्यात ताप, जागरण, लग्न, जास्त चाललो, काहीही. उपाशीपोटीचं रीडिंग आठ तास काही न खाता, सकाळच्या चहाच्या आणि गोळीच्या आधी. बाकी जोड्या आळीपाळीने, आज नाश्ता, परवा दुपार, पुढे रात्र. रोज सगळं बघायची गरज नाही, बोटं आणि पैसे दोन्ही वाचतात.

त्या रकान्यात अण्णांना एक गोष्ट लिहायचीच नव्हती. बँकेत रांग लागली म्हणून दुपारचं जेवण लांबलं, चारला घाम, हात थरथरायला लागले, मशीनवर ६२. सत्तरच्या खाली म्हणून लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं, ९१. मग जेवायला वाढलं. अण्णा म्हणे, "हे लिहू नकोस, डॉक्टरांना वाटेल आपल्याकडे शिस्त नाही." मी लिहिलंच, वेळेसकट, लक्षणांसकट.

पुढच्या भेटीला डॉक्टरांनी वही उघडली आणि सगळे चांगले आकडे सोडून त्या ६२ वरच बोट ठेवलं. गोळी कधी घेतली होती, जेवण किती लांबलं, आधी असं झालं होतं का, सगळं विचारलं आणि सकाळची गोळी अर्धी केली. बाहेर आल्यावर अण्णा मला म्हणाले, "बघ, लिहिलं म्हणून गोळी कमी झाली." जणू त्यांनीच लिहिलेलं.

आता फक्त रात्रीच्या जोडीचा प्रश्न उरलाय. साडेनऊला जेवलं तर साडेअकराला बोट टोचायला जागं राहावं लागतं, आणि अण्णा दहाला घोरतात. म्हणून त्यांनी घराचं रात्रीचं जेवण सातवर आणलंय, सगळ्यांचं. मी ऑफिसमधून धावत येतो, सातला भाकरी खातो, आणि अकराला अंधारात फ्रीज उघडला की आतल्या खोलीतून आवाज येतो, "काय खाल्लंस? वहीत लिही."