आधी गाडीचा मार्ग, मग ड्युटीचा तक्ता

कारखान्यांत संध्याकाळी 7 ते सकाळी 6 या वेळेत स्त्रियांना कामावर ठेवण्यास 1948 च्या कारखाने अधिनियमाने मनाई केली होती. कर्नाटक सरकारने नोव्हेंबर 2019 मध्ये ती अटींसह शिथिल केली. लेखी संमती, घरापर्यंत वाहन आणि दिवसपाळीतून रात्रपाळीत जाताना किमान 12 तासांची विश्रांती या त्यांतल्या अटी होत्या. बेळगावच्या उद्यमबागेत पाळीप्रमुख म्हणून काम करताना मला मात्र असे दिसते, की आपण आधी मशीनच्या गरजेप्रमाणे माणसे नेमतो आणि गाडीचा विचार सगळ्यांत शेवटी करतो.

गेल्या वर्षी रात्री 11 ला सुटलेल्या पाळीतल्या सात जणींना घेऊन आमची गाडी पिरनवाडी, मच्छे करत शेवटी येळ्ळूरला गेली. दुसऱ्या दिवशी येळ्ळूरची ताई मला म्हणाली, "दादा, मच्छे सोडल्यावर मी एकटीच होते. घरच्यांशी बोलतेय असं दाखवत फोन कानाला लावून बसले, पण बॅटरी कधीच संपली होती." गाडीत जीपीएस होते, चालकाची पडताळणीही झाली होती, तरीही ती एकटी पडली. तो तक्ता मी केला होता, आणि चूक माझीच होती.

तेव्हापासून एका टोकाच्या गावच्या किमान दोघींना मी एकाच आठवड्यात एकाच पाळीवर ठेवतो, म्हणजे शेवटच्या थांब्यावर दोघी बरोबर उतरतात आणि येतानाही पहिली चढणारी एकटी नसते. अशी जोडी जमत नसेल, तर महिला सुरक्षारक्षक शेवटच्या घरापर्यंत गाडीत हवीच. आणि परतताना चालकासोबत तीच एकटी असते, म्हणून ती गेटवर पोहोचेपर्यंत पाळीप्रमुखाने थांबले पाहिजे. जिथे रात्री दोन-तीनच स्त्रिया असतात आणि रक्षक ठेवणे मालकाला परवडत नाही, तिथे त्यांना रात्री बोलावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

"सगळ्यांना सोडलं" हा चालकाचा निरोप मी पोहोच मानत नाही. प्रत्येकीने दाराच्या आत गेल्यावर स्वतः फोन करायचा, आणि ठरल्या वेळेनंतर दहा मिनिटांत तो आला नाही तर मी तिच्या घरी फोन लावतो. या थांबण्याचा वेळ पाळीप्रमुखाच्या ड्युटीत धरला जात नाही, तोवर हे काम निष्ठेवर चालेल आणि कधीतरी निसटेल.

विश्रांतीची अट बहुधा गैरहजेरीच्या दिवशी मोडते. रात्री 11 च्या पाळीतली कोणी आली नाही, की दुपारी 3 ला सुटलेल्या ताईला फोन जातो. मधे आठच तास होतात, आणि त्या तासांत तिने स्वयंपाक केलेला असतो, मुलांचा अभ्यास घेतलेला असतो. अशा रात्री एक मशीन बंद ठेवावे. पाळीबदल साप्ताहिक सुट्टीनंतरच करावा. शिवाय मराठी वाचणाऱ्या बाईकडून इंग्रजी किंवा कन्नड संमतीपत्रावर सही घेतली, तर ती संमती कसली? आमच्याकडचे संमतीपत्र आता मराठीतही आहे, आणि ते वाचून दोघींनी रात्रपाळी नाकारली. त्यांची नावे मी दिवसपाळीत ठेवली आहेत.