‘चारपैकी एक बरोबर असतोच’ : ग्रुपवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

*‘सर्व शिक्षकांना विनंती. (1) चार पर्याय छापलेत म्हणजे त्यातला एक बरोबर असतोच. उत्तर जुळत नसेल तर सोडवणारा चुकलाय. (2) अगदीच जुळलं नाही तर जवळचा पर्याय सांगून मोकळं व्हा. “पर्यायच चुकलेत” ही पळवाट आहे. (3) दोन बरोबर वाटले तर उत्तरतालिकेत असेल ते बरोबर, वाद नको. (4) लेकरांना “प्रश्नच चुकलाय” सांगितलं की त्यांचा आत्मविश्वास जातो.’*
(लातूर-नांदेडकडच्या क्लासच्या ग्रुपांवर फिरणारा मजकूर)

मुद्दा पहिला

यात थोडं तथ्य आहे, म्हणून आधी ते मान्य करतो. रात्री साडेदहाला विद्यार्थ्याकडून डाउटचा फोटो येतो, पर्याय जुळत नाहीत, आणि पुष्कळदा दोष फोटोचा निघतो. हा प्रश्न घ्या: ‘खालीलपैकी मराठवाड्यातील ज्योतिर्लिंग कोणते?’ फोटोत तीनच पर्याय दिसतात: भीमाशंकर, परळी वैजनाथ, औंढा नागनाथ. परळी बीड जिल्ह्यात, औंढा हिंगोलीत, म्हणजे दोन बरोबर. पोरगं म्हणतं, ‘सर, प्रश्न चुकलाय.’ पूर्ण पान मागवलं की अंगठ्याखाली गेलेला चौथा पर्याय समोर येतो: ‘2 व 3 दोन्ही’. वाद तिथंच संपला.

असंच 10⁻³ मधलं ऋण चिन्ह पानाच्या घडीत जातं. ‘कोणते विधान बरोबर’ एवढंच फोटोत येतं आणि पुढच्या ओळीतला ‘नाही’ कापला जातो. ‘प्रश्न 41 ते 43 साठी g = 10 घ्या’ ही सूचना वरच्या कोपऱ्यात राहते. म्हणून पर्याय जुळेना की माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: ‘पान सपाट ठेव, वरच्या सूचनेसकट आणि चारही पर्यायांसकट पुन्हा फोटो पाठव.’ तोवर ना बरोबर म्हणायचं, ना चूक.

पण पूर्ण पान आलं, गणित दोन वेगळ्या रीतींनी सोडवलं, दोन्हींकडून एकच उत्तर आलं आणि ते पर्यायांत नाही, तर मग ‘असतोच’ म्हणणं ही श्रद्धा झाली. सराव संचात छपाईच्या चुका होतात. खुद्द परीक्षेतही होतात, नाहीतर प्रश्न रद्द झाला तर गुण कसे द्यायचे याचा नियम वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या माहितीपुस्तिकेत कशाला छापावा लागला असता?

मुद्दा दुसरा

हा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून एक गणित पूर्ण करूनच दाखवतो.

‘एक चेंडू 20 मी/से वेगाने सरळ वर फेकला. g = 10 मी/से². पहिल्या 3 सेकंदांत त्याने कापलेले अंतर किती? पर्याय: (1) 10 मी (2) 15 मी (3) 20 मी (4) 30 मी.’

चेंडूचा वेग दर सेकंदाला 10 ने कमी होतो, म्हणजे 2 सेकंदांत तो शून्यावर येतो. तोवर तो 20 मीटर वर गेलेला असतो. उरलेल्या 1 सेकंदात तो 5 मीटर खाली येतो. अंतर 25 मीटर. दुसऱ्या रीतीनं पाहू: वेग-काळ आलेख काढा. अक्षाच्या वर पाया 2 आणि उंची 20 असलेला त्रिकोण, क्षेत्रफळ 20. अक्षाच्या खाली पाया 1 आणि उंची 10 असलेला त्रिकोण, क्षेत्रफळ 5. बेरीज 25. पर्यायांत 25 नाही.

आता ‘जवळचा’ निवडा बघू. 20 आणि 30 दोन्ही 25 पासून पाच-पाच मीटर लांब, मग कुठला घेणार? आणि गंमत म्हणजे पुस्तकाच्या मागे उत्तर पर्याय 2, म्हणजे 15 आहे. तो 25 पासून दहा मीटर दूर! जवळ-लांबच्या हिशोबानं त्याच्यापर्यंत कुणी पोचणारच नाही.

15 कुठून आलं ते शोधलं की उलगडा होतो. s = ut − ½gt² या सूत्रात आकडे घातले की 60 − 45 = 15 येतं. पण हे सूत्र विस्थापन देतं, म्हणजे चेंडू हातापासून किती उंचीवर आहे ते. 20 वर आणि 5 खाली, वजाबाकी 15. प्रश्न काढणाऱ्याच्या डोक्यात विस्थापन होतं आणि छापताना ‘अंतर’ पडलं, असं दिसतं. बाकीचे पर्यायही हवेतून आलेले नाहीत. 10 हा तिसऱ्या सेकंदाच्या शेवटी असलेल्या वेगाचा आकडा, 20 ही कमाल उंची, 30 म्हणजे नुसता gt. पर्याय असेच बनतात, नेहमीच्या चुकांमधून. त्यामुळे आकड्यांच्या जवळिकीला इथं काही अर्थ नसतो.

विद्यार्थ्याला मी पाठवीन तो मजकूर असा: ‘अंतर 25 मीटर. चारपैकी एकही पर्याय बरोबर नाही. प्रश्नात “अंतर” च्या जागी “विस्थापन” असावं असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर 15 मीटर, पर्याय 2. मागच्या पानावर 2 दिलं असेल तर ते यामुळेच. वहीत 25 लिही आणि बाजूला कारण लिही.’ यात माझं उत्तर आधी, पर्यायांचा निकाल नंतर आणि छपाईबद्दलचा अंदाज ‘अंदाज’ म्हणूनच आहे. हा क्रम मुद्दाम आहे. अंदाज आधी सांगितला की पोरगं तेवढंच वाचतं आणि फोन बंद करतं. प्रश्नपत्रिका मराठी आणि इंग्रजी दोन्हींत असेल तर इंग्रजी मजकुराचाही फोटो मागवा. नीटमध्ये भाषांतरात संदिग्धता असली तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात.

जवळचा पर्याय चालतो ती जागा एकच: फरक आकडे गोल करण्यातून आलेला असेल तेव्हा. याच गणितात g 9.8 घेतला तर उत्तर सुमारे 24.9 येतं. पर्यायांत 25 असता तर तो बेधडक सांगावा. फरकाचं कारण बोट ठेवून दाखवता आलं आणि बाकीचे पर्याय त्यामानानं खूप लांब असले, तरच.

मुद्दा तिसरा

उत्तरतालिकाही बदलते आणि 2024 च्या नीटमध्ये ती देशानं बदलताना पाहिली. 5 मे 2024 च्या पेपरात भौतिकशास्त्राचा दोन विधानांचा प्रश्न होता. पहिलं विधान: अणूत धन आणि ऋण प्रभार समान असल्यानं तो विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. दुसरं: प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला वैशिष्ट्यपूर्ण वर्णपट देतात. एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकातल्या वाक्याप्रमाणे दुसरं विधान बरोबर ठरत होतं. नव्या आवृत्तीत ‘प्रत्येक’ जाऊन ‘बहुतेक’ आलं होतं, त्याप्रमाणे ते चूक. किरणोत्सारी मूलद्रव्यांचे अणू स्थिर नसतात, हे तर अकरावी-बारावीच्या कुठल्याही पोराला माहीत असतं.

परीक्षा घेणाऱ्या एनटीएनं पर्याय 2, म्हणजे दोन्ही विधानं बरोबर, आणि पर्याय 4, म्हणजे पहिलं बरोबर पण दुसरं चूक, अशा दोन्हींना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं आयआयटी दिल्लीच्या संचालकांना तीन तज्ज्ञ नेमायला सांगितलं आणि 23 जुलैला त्यांचं मत न्यायालयासमोर आलं: बरोबर फक्त पर्याय 4. पर्याय 2 निवडलेल्या चार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांचे प्रत्येकी 5 गुण गेले, मिळालेले 4 आणि चुकीचा दंड 1. 720 पैकी 720 मिळवणारे 61 होते, ते 17 उरले.

आता सांगा, जूनमध्ये ‘तालिकेत आहे तेच बरोबर’ म्हणणारे शिक्षक जुलैत काय म्हणाले असतील? त्या प्रश्नाचा फोटो आला असता तर टिकलं असतं ते उत्तर असं: ‘जुन्या आवृत्तीचं वाक्य धरलं तर 2, विज्ञानाच्या दृष्टीनं आणि नव्या आवृत्तीप्रमाणे 4. किरणोत्सारी अणूंमुळे मी 4 धरतो.’ दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा कोणता पर्याय कशाच्या आधारावर उभा आहे ते सांगायचं, आणि एक आधार जास्त पक्का असेल तर तेही बोलायचं. दोन्ही खरोखर सारखेच पक्के असतील, ज्योतिर्लिंगाच्या प्रश्नात चौथा पर्याय ‘त्र्यंबकेश्वर’ असता तर परळी आणि औंढा जसे ठरले असते तसे, तर मग ओढूनताणून एक निवडायचा नाही. ‘परळी जास्त प्रसिद्ध म्हणून परळी’ असली कारणं देणारे सर मी पाहिलेत. औंढ्याच्या माणसाला विचारून बघा.

मराठवाड्यातल्या जिल्ह्यांच्या संख्येचा प्रश्नही ग्रुपवर फिरत असतो. पर्यायांत 8 नसतोच, 5, 6, 7, 9 असतात. 1999 मध्ये परभणीतून हिंगोली वेगळा झाला, त्याआधी सात होते. संच जुना आहे एवढं सांगितलं की पुरे.

मुद्दा चौथा

आत्मविश्वासाचं म्हणाल तर 25 काढून बसलेल्या मुलीला ‘15 च बरोबर’ सांगून बघा. ती बरोबर रीत सोडून देईल आणि पुढच्या प्रत्येक अंतराच्या गणितात तेच सूत्र ठोकेल. तिला खरी भीती असते ती परीक्षेत असा प्रश्न आला तर काय करायचं याची, आणि त्याचं उत्तर देता येतं.

नीटमध्ये बरोबरला 4, चुकीला वजा 1. एकही पर्याय बरोबर नसल्यानं प्रश्न रद्द झाला तर परीक्षेला बसलेल्या सगळ्यांना 4 मिळतात, सोडवला असो वा नसो. म्हणून प्रश्न काढणाऱ्याची चूक ओळखता आली, वरच्या 15 सारखी, तर तोच पर्याय भरावा. रद्द झाला तरी गुण आहेत, नाही झाला तर तालिकेत तोच असण्याची शक्यता जास्त. चूक ओळखता आली नाही तर प्रश्न कोरा सोडून पुढं जावं, कारण एका प्रश्नावर पाच मिनिटं घालणं परवडत नाही. दोन पर्याय सारखेच बरोबर वाटले तर मात्र कोरा ठेवू नये. दोन्ही मान्य झाले तर 4 मिळतात, एकच मान्य झाला तरी अर्धी संधी 4 ची आणि अर्धी वजा 1 ची, म्हणजे सरासरी दीड गुणाचा फायदाच.

पेपरनंतर तात्पुरती उत्तरतालिका येते तेव्हा हरकत घ्यायला थोडेच दिवस असतात, आणि नीटला एका प्रश्नामागे 200 रुपये भरावे लागतात, ते परत मिळत नाहीत. हरकतीसोबत पाठ्यपुस्तकाच्या त्या पानाचा फोटो जोडायचा, आवृत्तीचं वर्ष असलेल्या पानासकट.