आधी विषम, मग सम? थांबा, पहिलं पान बघा

«लांबलचक पीडीएफमधली थोडीच पानं पाठपोट छापायचीत? पानावर खाली जो नंबर दिसतो तो टाका, आधी Odd छापा, गठ्ठा उलटा करून Even छापा. कुठल्याही प्रिंटरवर हमखास जमतं.»

हा मेसेज वाचून सातपूरच्या एका वर्कशॉपमधल्या मित्राने मशीनच्या मॅन्युअलमधलं देखभालीचं प्रकरण छापलं. पानांवर 12 ते 45 असे आकडे होते. हातात आलं ते भलतंच, आणि सतरा कागद वाया गेले.

पहिली चूक नंबराची. मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका मिळून सुरुवातीची आठ पानं या आकड्यांत धरलेलीच नव्हती. क्रोम मात्र फाइलच्या अगदी पहिल्या पानापासून मोजतो. म्हणजे 12 हे खरं तर विसावं पान, आणि टाकायला हवं होतं 20-53. वर्डमध्ये उलट आहे. तिथे पानावरचाच आकडा चालतो, पण विभागागणिक नंबर पुन्हा एकपासून सुरू होत असतील तर `p12s2` असं, म्हणजे दुसऱ्या विभागातलं बारावं पान, लिहावं लागतं. आकडा टाकल्यावर प्रीव्ह्यूमध्ये पहिलं आणि शेवटचं पान बघितलं की लगेच कळतं.

खरा घोळ «आधी Odd»मध्ये आहे. हा नियम पान 1 पासून छापताना बरोबर, कारण तिथे पुढची बाजू विषम असते. इथे सुरुवातच 20 ने होते. विषम आधी छापली तर पहिल्या कागदावर 21 येतं, त्याच्या पाठीवर 20, आणि वाचताना दर कागदाला उलटसुलट करत बसावं लागतं. छापायच्या पानांचा पट्टा सम पानाने सुरू होत असेल तर `Even pages only` आधी. सतरा सम, मग त्यांच्या पाठीवर सतरा विषम. क्रोममध्ये पट्टा आणि सम-विषम एकत्र निवडता येत नाही. अक्रोबॅट रीडरमध्ये येतं, म्हणून हे काम तिथेच करा.

«कुठल्याही प्रिंटरवर» हे तर अजिबात खरं नाही. कागद कुठून आत जातो आणि छापील बाजू वर ठेवून पडतो की खाली, हे प्रिंटरागणिक बदलतं. म्हणून आधी दोनच कागदांवर 20 आणि 22 छापा, गठ्ठा उलटून ठेवा आणि 21, 23 द्या. छापलेल्यावरच छापलं गेलं तर बाजू बदला. मजकूर उलट्या डोक्याने आला तर गठ्ठा फिरवून ठेवा. 20 च्या पाठीवर 23 आलं तर दुसऱ्या फेरीत `Reverse pages` वर खूण करा.

पण समजा पट्टा 20 ते 52 असा, तेहतीस पानांचा आहे. तेव्हा 52 च्या पाठीला काहीच नसतं. `Reverse pages` लागत असेल तर हा शेवटचा कागद गठ्ठ्यातून आधीच काढून घ्या, नाहीतर त्याच्या पाठीवर 51 उमटतं आणि तिथून पुढे सगळंच एकेक कागदाने सरकतं.